डीसी मोटरचं ट्रान्सफर फंक्शन काढलं, पण वेग येतोय २,२९,००० आरपीएम. कुठं चुकलं?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. मी नांदेडला इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी २४ व्होल्टची कायम चुंबकाची एक डीसी मोटर घेतली, शाफ्टवर अॅल्युमिनियमची चकती बसवली आणि आर्मेचर व्होल्टेज ते वेग असं ट्रान्सफर फंक्शन काढायला बसलो. माझी समीकरणं अशी आहेत:

```
v = R*i + L*di/dt
J*dw/dt + b*w = K*i
```

दोन्हींचा लाप्लास घेतला आणि गुणाकार केला:

```
W/V = K / ((L*s + R)*(J*s + b))
```

आकडे: R = १ ओहम, L = १ मिलीहेन्री, K = ०.०६. चकती आणि रोटर मिळून J = १.२ × १०⁻⁴. मोकळी मोटर २४ व्होल्टवर ०.३९ अँपिअर घेते, त्यावरून b = ६ × १०⁻⁵ काढला.

संगणकावर २४ व्होल्टची स्टेप दिली तर वेग २४,००० रेडियन प्रति सेकंद येतो, म्हणजे २ लाख २९ हजार आरपीएम! तिथं पोचायला आठ-दहा सेकंद लागतात. टेबलावरची मोटर टॅकोमीटरवर ३७५० दाखवते आणि बटण दाबताच पळते. बॅक ईएमएफ मला माहीत आहे. पण ट्रान्सफर फंक्शन काढताना सगळ्या सुरुवातीच्या अटी शून्य धरायच्या असतात ना, आणि थांबलेल्या मोटरला बॅक ईएमएफ नसतो, म्हणून तो सोडला. R आणि L सुद्धा मोटर थांबलेली असतानाच मोजलेत. मग चुकतंय कुठं?

लातूरी_झटका
भावा, b चुकलाय तुझा. मोकळ्या करंटवरून घर्षण कधी नीट येत नाही. b साठपट कर, ०.००३६६ ठेव. मी आत्ताच करून बघितलं, वेग बरोबर ३७५० च्या आसपास येतो आणि ३३ मिलिसेकंदात उठतो. विषय संपला.

सेलूकर
आमच्या बोअरच्या साडेसात एचपीच्या मोटरीचंबी असंच व्हायलंय. व्होल्टेज कमी असलं की आवाज करती अन् स्टार्टर पडतो. याच्यात काही उपाय निघंल का?

परभणी_वाइंडिंग
सेलूकर दादा, तुमची मोटर थ्री फेज इंडक्शनची. तिला ब्रश नाही, कॉम्युटेटर नाही, तिचं गणित वेगळं. तीन्ही फेजला व्होल्टेज सारखं येतंय का ते आधी बघा, आणि वेगळा धागा काढा, मी तिथं सांगतो.

रोहिणी_वाळूज
मी वाळूजला ड्राइव्ह्जवर काम करते. गोदाकाठ, लातूरी यांचं ऐकून b बदलायच्या आधी एक काम कर. तुझ्या मॉडेलमध्ये मोटर पूर्ण वेगाला स्थिरावली की आर्मेचरचा करंट किती येतो ते काढ. फक्त वेग नको बघू.

गोदाकाठ
ताई, काढला. स्थिरावल्यावर di/dt शून्य, म्हणजे i = v/R = २४ अँपिअर. b काहीही ठेवला तरी २४ च. पण मीटरवर तर ०.३९ आहे…

रोहिणी_वाळूज
हेच तुला दिसायला हवं होतं. २४ व्होल्ट लावलेत, आर्मेचरचा रेझिस्टन्स एक ओहम, आणि करंट अर्धा अँपिअरही नाही. मग उरलेले साडेतेवीस व्होल्ट कुठं गेले? त्यांना कुणीतरी अडवलं. फिरणाऱ्या आर्मेचरने अडवलं. तुझ्या पहिल्या समीकरणात ती संज्ञाच नाही, त्यामुळे तुझ्या मॉडेलमधल्या मोटरला स्वतःच्या वेगाची खबरच लागत नाही. ती २४ अँपिअर ओढत राहते आणि घर्षण थोपवेपर्यंत पळत राहते.

आता सुरुवातीच्या अटींबद्दल. t = ० ला वेग शून्य आहे म्हणून त्या क्षणाचा बॅक ईएमएफ शून्य, हे खरं. पण पुढच्या क्षणी वेग आहे, आणि समीकरण सगळ्या क्षणांसाठी लिहायचं असतं. di/dt चा लाप्लास घेताना s·I मधून i(०) वजा करायचा असतो, तो शून्य धरायचा, एवढाच त्या अटीचा अर्थ. त्यावरून K·w ही अख्खी संज्ञा पुसता येत नाही. तसं असतं तर त्याच न्यायाने R·i सुद्धा पुसावी लागली असती, कारण t = ० ला करंटही शून्यच होता.

अंबाजोगाई_मास्तर
रोहिणीताईंनी नेमकं बोट ठेवलं. वर्गात दरवर्षी दोन-चार मुलं हीच अडचण घेऊन येतात, म्हणून बीजगणित इथं सावकाश लिहितो.

```
V = (L*s + R)*I + K*W
(J*s + b)*W = K*I
```

आपल्याला W आणि V चं नातं हवंय, मधला I नको. दुसऱ्या ओळीतून I = (J·s + b)·W / K. तो पहिल्या ओळीत ठेव:

```
V = [ (L*s + R)*(J*s + b)/K + K ] * W

W/V = K / ( (L*s + R)*(J*s + b) + K^2 )
```

तुझ्या आणि या उत्तरात फरक फक्त छेदातल्या K² चा. आता s = ० ठेवून तुझेच आकडे घाल. R·b = ०.००००६ आणि K² = ०.००३६, म्हणजे तू जे सोडलंस ते तू जे ठेवलंस त्याच्या साठपट होतं. एका व्होल्टला ०.०६ भागिले ०.००३६६ म्हणजे १६.४ रेडियन प्रति सेकंद. २४ व्होल्टला ३९३ रेडियन, म्हणजे ३७५७ आरपीएम.

गुणाकार करायची घाई का होते तेही सांगतो. इलेक्ट्रिकलचा एक ठोकळा, मेकॅनिकलचा दुसरा, एकापुढे एक मांडले की गुणायचे, असं डोक्यात बसलेलं असतं. पण इथं दुसऱ्या ठोकळ्याचं आउटपुट पहिल्याच्या तोंडाशी परत येतं. वेग वाढला की आत शिरणारं व्होल्टेज घटतं. बाहेरून कुणी वायर जोडलेली नसली तरी मोटरच्या पोटातच फीडबॅक आहे.

लातूरी_झटका
थांबा मास्तर. माझा साठपट b आणि तुमचा K² यांचं उत्तर एकच आलं की नाही? ३७५० पण आलं, ३३ मिलिसेकंद पण आले. मग मी चुकलो कुठं?

रोहिणी_वाळूज
लातूरी, तुम्ही अर्धे बरोबर आहात, आणि तो अर्धा भाग महत्त्वाचा आहे. L लहान म्हणून बाजूला ठेवला तर छेद R·J·s + R·b + K² असा उरतो. R ने भागा, म्हणजे J·s + (b + K²/R). बॅक ईएमएफ खरोखरच घर्षणासारखा वागतो, K²/R एवढ्या जास्तीच्या घर्षणासारखा. तुम्ही नकळत तोच आकडा b मध्ये घातला.

पण ते घर्षण बेअरिंगमध्ये नाही, सर्किटमध्ये आहे. म्हणून ते फक्त मोटर व्होल्टेजच्या सप्लायला जोडलेली असतानाच टिकतं. मालिकेत एक ओहमचा रेझिस्टर घाला, ते निम्मं होईल. करंट कंट्रोल करणारा ड्राइव्ह लावा, ते नाहीसंच होईल, कारण ड्राइव्ह बॅक ईएमएफची पर्वा न करता ठरलेला करंट ढकलतो. तुमचा b यातलं काहीच सांगणार नाही. आणि करंट तर २४ अँपिअरच दाखवत राहील.

परभणी_वाइंडिंग
हे गणित न करता हातानं बघता येतं. आम्ही दुकानात रोजच बघतो. मोटर पूर्ण वेगात आणायची, सप्लायची वायर काढायची आणि मोटरीची दोन्ही टोकं सुटी ठेवायची. किती वेळ फिरती ते बघायचं. मग परत पळवायची, आधी सप्लाय तोडायचा, आणि मोटरीची दोन टोकं एकमेकाला लावायची. जाग्यावर थांबती. बेअरिंग तेच, चकती तीच, हवा तीच. फरक फक्त करंटला वाट मिळाली की नाही याचा.

गोदाकाठ, तुझ्या मोटरीत टोकं जोडताना क्षणभर वीस-बावीस अँपिअर जातील. एकदोनदा चालतंय, दहा वेळा करू नको, ब्रश जळतेत. आणि मोठ्या मोटरीवर तर अजिबात नको.

धाराशिव_आबा
मी साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन होतो, आता निवृत्त. आमच्याकडं सेंट्रिफ्यूगलला डीसी मोटरी होत्या, त्यांना फिल्डचं वाइंडिंग वेगळं. तुमचा तो K आहे ना, आमच्या मोटरीत तो फिल्डच्या करंटवर ठरायचा. आर्मेचरला व्होल्टेज तसंच आहे आणि फिल्डची वायर सुटली, की K पडतो. मास्तरांनी लिहिलंय त्यात बघा, वेग जवळजवळ V भागिले K. K पडला की मोकळी मोटर पळत सुटती. म्हणून फिल्ड फेल्युअरचा रिले असायचा आणि तो कुणी बायपास केला तर आम्ही शिफ्टमधून घरी पाठवायचो. सूत्र तवा मला येत नव्हतं, पण एकदा बिनजोडाची मोटर पळताना ऐकली होती. ती किंकाळी अजून कानात आहे.

पोरा, तुझी मोटर चुंबकाची आहे म्हणून तुझा K कायम. हे तुझ्या रिपोर्टात लिही, की हे सूत्र फिल्ड कायम असतानाच खरं.

गोदाकाठ
आबा, नक्की लिहितो. परभणी दादांची चाचणी आज लॅबमध्ये सरांसमोर केली. टोकं सुटी असताना मोबाईलच्या व्हिडिओवर मोजलं, २.४ सेकंदात थांबली. टोकं जोडल्यावर टक्कन् थांबली, डोळ्याला दिसलंच नाही. अंगावर काटा आला खरं सांगतो.

पण आता नवीन शंका. सुटी असताना फक्त b चं घर्षण उरतं. J/b = २ सेकंद. म्हणजे दोन सेकंदांनी वेग ३७ टक्के उरायला पाहिजे आणि थांबायला आठ-दहा सेकंद. ती अडीचच्या आत कामून थांबली?

अंबाजोगाई_मास्तर
शाबास, प्रश्न फार चांगला. १२ व्होल्टवर मोकळा करंट किती येतो ते मोजून सांग.

गोदाकाठ
०.३३ अँपिअर.

अंबाजोगाई_मास्तर
बघ. घर्षण वेगाच्या प्रमाणात असतं तर वेग निम्मा झाल्यावर करंटही निम्मा, म्हणजे ०.२ च्या आसपास यायला हवा होता. ०.३९ वरून फक्त ०.३३ ला आला. तुझं बहुतेक घर्षण ब्रशचं आहे. ते वेग कितीही असो, तेवढंच राहतं.

दोन बिंदूंतून रेष काढ. २४ व्होल्टला टॉर्क ०.०२३४ न्यूटन-मीटर आणि वेग ३९३. १२ व्होल्टला ०.०१९८ आणि १९४. उतार आला १.८ × १०⁻⁵, तो तुझा खरा b. वेग शून्यावर रेष ०.०१६ च्या वर कापते, ते ब्रशचं कायमचं घर्षण. त्या कायमच्या घर्षणामुळेच मोटर शेपूट न ओढता सरळ थांबते.

आता याच थांबण्यावरून J तपासून घे. सरासरी टॉर्क ०.०२ धर, वेळ २.४, वेगातली घट ३९३. गुणून भागलं की १.२२ × १०⁻⁴ येतं. चकतीचं तुझं गणित बरोबर होतं.

जालना_रोलिंग
मास्तर, मग ट्रान्सफर फंक्शनचं काय? ब्रशचं घर्षण रेषीय नाही. ते त्या सूत्रात बसतच नाही. म्हणजे सगळं सूत्रच लंगडं की.

रोहिणी_वाळूज
सूत्रात नाही बसत, मान्य. त्याला लोड टॉर्क समजून बाहेरून वजा करायचं, मोटर एकाच दिशेनं फिरतेय तोवर ते चालतं. दिशा बदलणारं काम असेल, रोबोटचा सांधा वगैरे, तर शून्य वेगापाशी हे मॉडेल फसतं. मोटर थोड्या व्होल्टेजला हलतच नाही आणि सूत्र म्हणतं हलली पाहिजे.

पण गोदाकाठच्या कामापुरतं बघा. त्याचा b ६ होता तो १.८ झाला, तीनपटीहून जास्त चूक. टाइम कॉन्स्टंट ३२.८ चा ३३.२ मिलिसेकंद झाला, बस्स. K²/R एवढा मोठा आहे की b ची चूक त्यात बुडून जाते. म्हणून घर्षण मोजण्यात आठवडा घालवू नकोस, K आणि R नीट मोज. K कसा मोजलास?

गोदाकाठ
शाफ्टला ड्रिल लावून फिरवली आणि टोकांवर व्होल्टेज घेतलं. १००० आरपीएमला ६.२८ व्होल्ट. टॉर्कचा K मात्र वेगळा मोजला नाही, तोच वापरला. चालतं का?

लातूरी_झटका
ते दोन वेगळे असतात. मोटरीच्या माहितीपत्रकात दोन वेगवेगळे आकडे छापलेले मी स्वतः बघितलेत.

अंबाजोगाई_मास्तर
एककं वेगळी असतात म्हणून आकडे वेगळे दिसतात. एक व्होल्ट दर हजार आरपीएमला दिलेला असतो, दुसरा न्यूटन-मीटर दर अँपिअरला. ६.२८ ला हजार आरपीएमच्या १०४.७ रेडियनने भागा, ०.०६ च येतो. आणि तसाच यायला हवा. बॅक ईएमएफ गुणिले करंट एवढी वीज आर्मेचर घेतं, टॉर्क गुणिले वेग एवढी यांत्रिक शक्ती देतं. दोन K वेगळे असते तर मधली शक्ती हवेतून आली असती किंवा हवेत गेली असती.

लातूरी_झटका
हे पटलं मास्तर. माहितीपत्रक काढून भागाकार करून बघितला, जुळला.

गोदाकाठ
आता प्रत्यक्ष स्टेप घेतली. ऑक्टेव्हमध्ये हे चालवलं:

```
pkg load control
s = tf('s');
R=1; L=1e-3; K=0.06; J=1.2e-4; b=1.8e-5;
G = K/((L*s+R)*(J*s+b) + K^2);
step(24*G)
```

मोटरीवर एन्कोडर लावून २४ व्होल्ट दिले. शेवटचा वेग जुळला. पण ६३ टक्क्यांवर पोचायला मॉडेलमध्ये साधारण ३४ मिलिसेकंद आणि मोटरीला ५१. शिवाय मॉडेलचा आलेख सुरुवातीला चढा मग वाकलेला, आणि मोटरीचा अर्ध्यापेक्षा जास्त वाटेपर्यंत चक्क सरळ रेष. परत काहीतरी सुटलंय का?

रोहिणी_वाळूज
सप्लाय किती अँपिअरचा आहे?

गोदाकाठ
१०.

रोहिणी_वाळूज
मग तू २४ व्होल्टची स्टेप दिलीच नाहीस. थांबलेल्या मोटरला पहिल्या क्षणी २४ अँपिअर लागतात, सप्लायनं १० वर अडवलं आणि व्होल्टेज खाली दाबलं. करंट कायम, म्हणून टॉर्क कायम, म्हणून वेग सरळ रेषेत. बॅक ईएमएफ १४ व्होल्टपर्यंत चढला, म्हणजे वेग २३३ रेडियनला गेला, की मग करंट आपोआप दहाच्या खाली येतो आणि रेष वाकायला लागते. तुझ्या आलेखात वाकण कुठं आहे बघ. स्टेपचा आलेख सरळ रेषेत उठला की माझी पहिली नजर सप्लायवर जाते.

६ व्होल्टची स्टेप दे. सहा अँपिअरच लागतील.

गोदाकाठ
वाकण बरोबर २३० च्या आसपास आहे, ताई! ६ व्होल्टवर घेतलं. ३७ मिलिसेकंद आले, आणि आलेखाचा आकार मॉडेलसारखाच. शेवटचा वेग ९०० च्या जरा वर.

जालना_रोलिंग
राहिलेले तीन मिलिसेकंद R चे आहेत. तांबं तापलं की दर अंशाला रेझिस्टन्स ०.३९ टक्के चढतो. दिवसभर चाचण्या घेतल्यात, आर्मेचर २५ अंशांनी तापलं असलं तर R दहा टक्के वाढला, टाइम कॉन्स्टंटही दहा टक्के. आमच्याकडं रोलिंग मिलच्या मोटरी सकाळी आणि दुपारी वेगळ्या वागतात.

परभणी_वाइंडिंग
मला वाटतंय R आधीपासूनच चुकलाय. मल्टीमीटरनं एक ओहम मोजायचा म्हणजे त्यात मीटरच्या वायरीच पाव ओहमच्या असतेत, शिवाय ब्रश कॉम्युटेटरच्या कुठल्या पट्टीवर बसलाय त्यावर आकडा बदलतोय. शाफ्ट घट्ट धरून दोन व्होल्ट लाव, करंट बघ, भागून R काढ. शाफ्ट थोडा थोडा फिरवून सात-आठ जागी घे.

जालना_रोलिंग
मीटरच्या वायरी R जास्त दाखवतात. मग खरा R कमी निघेल आणि टाइम कॉन्स्टंट अजून खाली जाईल, फरक वाढेल. माझंच बरोबर आहे.

परभणी_वाइंडिंग
मीटरीच्या वायरी जास्त दाखवतेत, पण सप्लायपासून मोटरीपर्यंतची वायर चाचणीत मोजलेलीच नाही ना. ती पण सर्किटमध्येच आहे.

गोदाकाठ
शनिवारी लॅब उघडी आहे. सकाळी थंड मोटरवर शाफ्ट धरून आठ जागी R घेतो, सप्लायच्या टोकापासून. मग अर्धा तास पळवून परत घेतो. दोन्ही आकडे इथं टाकतो.

सेलूकर
तीन फेजला मोजलं. ३९०, ३८५ आन् ३४०. वेगळा धागा काढलाय दादा, या तिकडं.